तो बोलतो तेव्हा ती कुठे जाते?

"दोघं वाचतायत का गं?" एपिसोड सुरू होऊन मिनिटभरही झालं नव्हतं, तेवढ्यात आईनं विचारलं. ती कांदा चिरत होती, मोबाइल ओट्यावर होता, कुकर चालू होता. म्हणजे फार लक्ष देऊन ऐकत होती असंही नाही. मी जरा चिडूनच म्हटलं, कशावरून? तर म्हणाली, "तो बोलतो तेव्हा ती कुठे जाते?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायला यायला हवं होतं, कारण मी संभाषणावरच पीएचडी करतेय आणि तो एपिसोड मीच लिहिला होता. म्हणून आजचं हे परीक्षण माझ्याच स्क्रिप्टचं आहे. दुसऱ्या कुणाची स्क्रिप्ट एवढी फाडून दाखवणं बरं दिसत नाही, आणि माझ्याकडे दोन्ही मसुदे आहेत, चुकलेला आणि सुधारलेला. तुम्ही कधी रेडिओ, पॉडकास्ट किंवा गॅदरिंगसाठी एकाचं भाषण दोघांच्या गप्पांत बदललं असेल, तर यातल्या चुका ओळखीच्या वाटतील.

विषय होता लोणार. भूशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी रेडिओवर एकट्यानं वाचायला लिहिलेला मजकूर होता, साधारण ९०० शब्दांचा, साडेसात मिनिटांचा. चांगला होता. त्यातला एक परिच्छेद असा होता:

"लोणारचे सरोवर ज्या विवरात आहे त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. हे विवर ज्वालामुखीमुळे तयार झाले असावे, असे पूर्वी मानले जाई. परंतु येथील खडकांत मास्केलिनाइट हा काचसदृश पदार्थ सापडला. तो केवळ प्रचंड आघाताच्या दाबाखाली तयार होतो. त्यामुळे हे विवर अशनीच्या आघाताने झाले, हे सिद्ध झाले."

आणि हे माझं पहिलं रूपांतर:

तो: लोणारचं सरोवर ज्या विवरात आहे, त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे.
ती: अरे बापरे! आणि हे विवर ज्वालामुखीमुळे झालं असावं असं पूर्वी मानलं जायचं, बरोबर ना?
तो: अगदी बरोबर. पण इथल्या खडकांत मास्केलिनाइट हा पदार्थ सापडला.
ती: अच्छा! मास्केलिनाइट म्हणजे काय?
तो: खूप छान प्रश्न! मास्केलिनाइट हा काचेसारखा पदार्थ असून तो केवळ प्रचंड आघाताच्या दाबाखाली तयार होतो.
ती: वा! म्हणजे हे विवर अशनीच्या आघातानं झालं, हे सिद्ध झालं!

आता एक करून बघा. यातले "अरे बापरे", "अगदी बरोबर", "खूप छान प्रश्न", "वा" पेन्सिलीनं खोडा आणि उरलेलं सलग वाचा. मूळ परिच्छेद जसाच्या तसा परत मिळतो. मी संभाषण लिहिलंच नव्हतं, पोळी मधोमध फाडून दोन ताटांत वाढली होती.

संभाषणाच्या अभ्यासात जिथून सगळे सुरुवात करतात तो हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांचा १९७४ चा लेख आहे, बोलण्याच्या पाळ्या माणसं कशा वाटून घेतात याबद्दलचा. त्यातली एक गोष्ट माझ्या स्क्रिप्टच्या थेट वर्मावर बसते. आपण जेव्हा बोलतो, तेव्हा समोरच्याचं बोलणं आपल्याला काय कळलं हे त्याच बोलण्यातून उघड होतं, आणि पहिल्याला ते चुकीचं वाटलं तर तो लगेच दुरुस्त करू शकतो. म्हणजे प्रत्येक पाळी मागच्या पाळीला अडकलेली असते. माझ्या मसुद्यात कुठलीच पाळी कशाला अडकलेली नव्हती. "तो" आणि "ती" यांची नावं अदलाबदल केली तरी काही बिघडत नव्हतं. हीच खरं तर सोपी कसोटी आहे: बोलणाऱ्यांची नावं बदलून बघायची. काहीच मोडलं नाही, तर तिथे दोन माणसं नाहीतच.

यापेक्षा मोठी चूक दुसरी होती आणि ती मला खूप उशिरा दिसली. "ती"ला नेमकं काय माहीत आहे? दुसऱ्या वाक्यात तिला ज्वालामुखीचा जुना सिद्धांत माहीत आहे. चौथ्या वाक्यात मास्केलिनाइट हा शब्द तिनं पहिल्यांदा ऐकलाय. सहाव्या वाक्यात ती त्यावरून निष्कर्ष काढून मोकळी होते. असं माणूस नसतं. आणि आमच्या खऱ्या सहनिवेदिकेनं भूशास्त्रात एमएस्सी केलंय! तिनं ती स्क्रिप्ट मुकाट्यानं वाचली, नंतर चहा पिताना म्हणाली, "मला माहितीये मास्केलिनाइट काय असतं. याला नाही माहिती." तिच्या शेजारी बसलेला "तो" नाटक विभागातला. त्यानं मान डोलावली.

म्हणजे मी काय केलं होतं, तर मराठी कार्यक्रमांत मुरलेला साचा न बघता उचलला होता. पुरुष सांगणार, बाई "अय्या हो का" म्हणणार. खोटेपणा ऐकू येण्याचं अर्धं कारण तिथेच होतं, कारण ज्याला उत्तर माहीत आहे त्याच्या प्रश्नाचा सूर वेगळा लागतो. वर्गात शिक्षक विचारतात तसा.

विल्यम लबॉव आणि डेव्हिड फॅनशेल यांनी १९७७ च्या पुस्तकात एक उपयोगी वाटणी केली होती: बोलणाऱ्यालाच माहीत असलेली गोष्ट, ऐकणाऱ्यालाच माहीत असलेली गोष्ट आणि दोघांनाही माहीत असलेली गोष्ट. दुसरा मसुदा लिहिताना मी आधी एक ओळही लिहिली नाही. वहीचं पान आखलं. एका रकान्यात फक्त तिला माहीत असलेलं: बेसॉल्ट, फेल्डस्पार, मास्केलिनाइट, १९७३ साली याबद्दल प्रसिद्ध झालेला शोधनिबंध. दुसऱ्यात फक्त त्याला माहीत असलेलं. इथे मी अडले, कारण मूळ मजकुरात त्याच्यासाठी काहीच नव्हतं. त्याला विचारलं, तर तो पाचवीत शाळेच्या सहलीला लोणारला गेला होता. गोमुखाची धार आठवत होती, काठावरच्या चिखलाचा वास आठवत होता, आणि सरांनी "हे ज्वालामुखीचं तोंड" असं सांगितलेलं आठवत होतं.

तिथे गाठ सुटली. त्याच्याकडे नुसतं अज्ञान नव्हतं, एक चुकीची समजूत होती. या दोन्हींत फार फरक आहे. अज्ञानी माणूस "म्हणजे काय?" एवढंच विचारू शकतो. चुकीची समजूत असलेला माणूस अडून बसू शकतो, शंका काढू शकतो, हरू शकतो. आपल्याकडे तमाशातला सोंगाड्या काय करतो? तो कधी "कृपया समजावून सांगा" म्हणत नाही. तो उलटा अर्थ काढतो, आणि मग समोरच्याला सांगितल्याशिवाय गत्यंतर राहत नाही. गोंधळात मुख्य गोंधळ्याचा साथीदारही मध्येच तोंड घालून हेच करतो. एकाची कथा दोघांत कशी वाटायची, हे आपल्या लोकांना पॉडकास्टच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. मी मात्र जाहिरातीतला "अरे वा, हे कसं?" घेऊन आले होते.

दुसऱ्या वेळी मी संवाद लिहिले नाहीत. दोघांना वेगवेगळी कार्डं दिली, एकमेकांची न दाखवता. रेकॉर्ड झालेलं मी जसंच्या तसं उतरवून काढलं, ते असं:

तो: मी गेलोय तिथे. पाचवीत असताना, शाळेची सहल. आणि सरांनी सांगितलेलं आम्हाला, ज्वालामुखीचं तोंड आहे हे.
ती: हं, खूप जणांना तसंच…
तो: म्हणजे नाहीये?
ती: नाही ना. पण सर अगदीच चुकले नव्हते हं. दगड ज्वालामुखीचाच आहे तिथला.
तो: बेसॉल्ट.
ती: बेसॉल्ट. काळा, आपल्या किल्ल्यांना असतो तोच. म्हणून तर गोंधळ झाला सगळ्यांचा.
तो: मग कळलं कसं? खड्डा खड्ड्यासारखाच दिसणार ना, कशानंही पडला तरी.
ती: दगडात बघून. बेसॉल्टमध्ये एक खनिज असतं, फेल्डस्पार. त्याला जोरात धक्का बसला ना, म्हणजे अशनी आदळण्याइतका, तर ते न वितळता काच होतं. त्याला… ते हे म्हणतात, मास्केलिनाइट.
तो: न वितळता काच?
ती: न वितळता. ज्वालामुखी वितळवतो. असा दणका नाही देऊ शकत तो.
तो: अच्छा… म्हणजे सरांचा खड्डा बाद.

नावं बदलून बघा आता. पहिल्याच ओळीत अडकाल.

यात मला सगळ्यात आवडलेली ओळ "न वितळता काच?" ही आहे, आणि ती कार्डावर नव्हती. मूळ मजकुरात "काचसदृश पदार्थ" एवढंच होतं. रेडिओवर ऐकणारा तिथून घसरून पुढे गेला असता, कारण काच म्हटलं की वितळणं आपण मनात धरूनच चालतो. इथे तो नेमका तेवढाच तुकडा उचलून परत टाकतो. अशा ठिकाणी पूर्ण प्रश्न लागत नाही. "तुम्ही म्हणालात की ते न वितळता काच बनतं, तर हे कसं काय शक्य आहे?" असं कुणी गप्पांत विचारत नाही. अडलेला शब्द चढ्या सुरात परत म्हणायचा, बास. त्यामुळे आता मी एकाचा मजकूर हातात आला की पहिल्यांदा ऐकणारा कुठे ठेचकाळेल त्या जागा शोधते. साधारण ९०० शब्दांत अशा पाच-सहाच निघतात. दुसऱ्या आवाजाची खरी जागा तिथे असते. दर दोन वाक्यांनी नव्हे.

आता आईच्या प्रश्नाकडे. तो बोलतो तेव्हा ती कुठे जाते? पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये खरंच ती कुठेच नव्हती. आपली पाळी येईपर्यंत कागदाकडे बघत गप्प बसली होती. मी स्क्रिप्टमध्ये चौदा ठिकाणी "अच्छा", "वा", "हो का" पेरले होते, पण सगळे तिच्या पाळीच्या सुरुवातीला, त्याचं वाक्य पूर्ण संपल्यावर. खऱ्या बोलण्यात "हं" येतो तो समोरच्याच्या वाक्याच्या पोटात, आणि त्यानं पाळी घेतली जात नाही. तो फक्त सांगतो की मी आहे, चालू दे.

शिवाय हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. "हं" म्हणजे पुढे बोल. "हो ना" म्हणजे मलाही माहीत आहे, मी तुझ्या बाजूनं आहे. "हो का?" यात बातमीही आहे आणि थोडी शंकाही. "अच्छा" म्हणजे आत्तापर्यंत मला माहीत नव्हतं, आता कळलं. इंग्रजी "ओह"बद्दल जॉन हेरिटेज यांनी १९८४ मध्ये हेच दाखवलं होतं, की तो उद्गार म्हणजे बोलणाऱ्याच्या माहितीची स्थिती बदलल्याची पावती आहे. पावती दिली की व्यवहार झालेला असायला हवा. माझ्या पहिल्या मसुद्यात "अच्छा!" नंतर काहीच बदलत नव्हतं. दुसऱ्यात तो "अच्छा" म्हणतो आणि लगेच सरांचा खड्डा बाद करतो. संपूर्ण अकरा मिनिटांत तो फक्त तीनदा "अच्छा" म्हणतो, मी मोजले. "हं" मात्र चाळीसच्या वर आहेत. त्यातला एकही कुणी लिहिला नव्हता, आणि लिहून उपयोगही नसतो.

वेळेबद्दल थोडं सांगते. टान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दहा भाषांमधले हो-नाही प्रश्न आणि त्यांची उत्तरं तपासली होती. प्रश्न आणि उत्तर यांच्यातलं सरासरी अंतर निघालं सेकंदाच्या एक पंचमांशाच्या आसपास. मराठी त्या दहांत नव्हती. पण एक शब्द मनात जुळवून तोंडावर आणायलाच याच्या दुपटी-तिपटीनं वेळ लागतो. याचा अर्थ समोरच्याचं वाक्य संपायच्या आतच आपण उत्तर जुळवायला घेतलेलं असतं. वाक्य कुठे संपणार याचा अंदाज आपल्याला आधीच आलेला असतो.

कागद हातात असलेला माणूस असा अंदाज बांधत नाही. तो पूर्णविरामाची वाट बघतो. त्यात मराठीची एक गंमत आहे. लिहिताना आपण क्रियापद शेवटी टाकतो आणि दार लावून घेतो: "आम्ही पाचवीत असताना शाळेच्या सहलीला तिथे गेलो होतो." बोलताना क्रियापद आधी येऊन जातं आणि मागे शेपूट राहतं: "गेलो होतो आम्ही तिथे, पाचवीत असताना." क्रियापद आलं की ऐकणाऱ्याला वाक्य कळलेलं असतं. शेपूट चालू असताना तो बिनधास्त बोलायला लागतो, आणि दोन आवाज एकमेकांवर आले तरी काही हरवत नाही, कारण शेपटीत नवं फारसं नसतं. वरच्या उताऱ्यात बघा: "सरांनी सांगितलेलं आम्हाला", "ज्वालामुखीचाच आहे तिथला", "गोंधळ झाला सगळ्यांचा", "नाही देऊ शकत तो". या सगळ्या जागांवर रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्याचा आवाज चढलेला आहे. माझ्या पहिल्या मसुद्यात शेपूट असलेलं एकही वाक्य नव्हतं. "आहे"चं "आहे"च ठेवून नुसतं "झाले"चं "झालं" केलं की भाषा बोली होते, असं मला वाटलं होतं!

अडखळण्याचंही तसंच. नवशिके लेखक (म्हणजे मी) खरेपणासाठी "अं…" लिहितात, आणि तो हमखास वाक्याच्या सुरुवातीला लिहितात. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी २००२ मध्ये मांडलं होतं, की असे आवाज म्हणजे बोलण्यातला कचरा नाही, पुढे उशीर होणार असल्याची ती ऐकणाऱ्याला दिलेली सूचना असते. उशीर कुठे होतो? अवघड शब्दाच्या तोंडाशी. तिचं "ते हे म्हणतात, मास्केलिनाइट" ऐका. "ते हे" हा मराठीतला काय सुंदर प्रकार आहे, दोन्ही शब्दांना अर्थ नाही आणि तरी सगळ्यांना कळतं की नाव येतंय, थांबा. त्या अर्ध्या सेकंदात ऐकणारा कान टवकारतो आणि परका शब्द नीट ऐकू येतो. तेच "ते हे" तिनं लोणारच्या आधी लावलं असतं तर हास्यास्पद झालं असतं. लोणार कुणाला आठवावं लागत नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की कार्डं द्यावीत आणि मोकळं सोडावं. मलाही तसंच वाटलं होतं. आणि मग प्राध्यापकांचा फोन आला.

त्यांच्या मूळ मजकुरात विवराच्या वयाबद्दल दोन आकडे होते. १९९७ मध्ये थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीनं निघालेलं वय सुमारे ५२ हजार वर्षं. २०११ मध्ये आर्गॉनच्या समस्थानिकांवरून निघालेलं वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. दहा पटींहून जास्त फरक, आणि त्यांनी दोन्ही का वेगळे येतात यावर तीन वाक्यं खर्च केली होती. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये काय झालं? ती म्हणाली, "बावन्न हजार वर्षांपूर्वीचं आहे हे." तो म्हणाला, "बापरे!" आणि ती गुलाबी पाण्याकडे वळली, २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं होतं त्याकडे. दुसरा आकडा तिच्या कार्डावर होता, ठळक अक्षरांत. राहिला तो राहिलाच.

"तुम्ही गप्पा छान केल्यात," प्राध्यापक म्हणाले, "पण माझ्या नावावर आता बावन्न हजारच राहणार." ते रागावले नव्हते. त्यामुळे जास्त वाईट वाटलं.

मी तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. ती विसरली, असं नव्हतं. तिला अडवलं "बापरे"नं. आपण एखाद्या गोष्टीवर मत किंवा आश्चर्य व्यक्त केलं की बहुतेक वेळा तो विषय मिटतो. कुणाच्या घरी निघायच्या वेळी "चला, छान झालं" म्हणतात तसं. "बापरे" म्हटल्यावर परत "पण दुसरा एक आकडाही आहे" असं म्हणायला मिटलेलं उघडावं लागतं, आणि चालत्या गप्पांत ते कुणी करत नाही. एकटा माणूस वाचतो तेव्हा ही अडचण येतच नाही, कारण त्याला "बापरे" म्हणणारं कुणी नसतं. म्हणजे संभाषण मोकळं झालं की सगळ्यात आधी "पण", "असावं", "दुसऱ्या मतानुसार" हेच गळतात. वरच्या उताऱ्यातही व्यासाचा आकडा गळलाच होता. ते चाललं, तो पुढे कुठेतरी आला. वयाचं चालण्यासारखं नव्हतं.

पहिला विचार आला तो आकडे लिहून देऊन वाचायला लावायचे. करून बघितलं. त्या दोन वाक्यांपुरती ती बातम्या देणारी बाई होते, आई कांदा चिरतानाही ओळखेल. मग पुन्हा वहीतले रकाने बघितले आणि लक्षात आलं की दोन्ही आकडे एकाच रकान्यात आहेत. ५ लाख ७० हजार तिच्या कार्डावरून खोडलं आणि त्याच्या कार्डावर लिहिलं, २०११ आणि आर्गॉन या दोन शब्दांसह. तिला सांगितलं नाही. या वेळी ती "बावन्न हजार" म्हणाल्यावर तो म्हणाला, "अगं, पण मी तर पाच लाख सत्तर हजार वाचलं." ती म्हणाली, "कुठलं, दोन हजार अकराचं?" आणि पुढचं दीड मिनिट ती दोघं खरोखर वाद घालत होती, कुठली पद्धत काय मोजते, दगडातल्या कुठल्या गोष्टीनं घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. प्राध्यापकांच्या तीन वाक्यांतला प्रत्येक मुद्दा त्यात आला, क्रम वेगळा. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे ठरलेलं नाहीये रे अजून पूर्ण." हे वाक्य मी कितीही लिहिलं असतं तरी तिच्या तोंडी बसलं नसतं.

एकूण अकरा मिनिटं झाली, साडेसातची. त्यासाठी मूळ मजकुरातले मंदिरांबद्दलचे दोन परिच्छेद मला सोडावे लागले, आणि ते चांगले होते. वयाचा तुकडा आठवड्यानं रेकॉर्ड केला आणि जुन्यात शिवला. त्या दिवशी खोलीतला पंखा बंद होता, आधी चालू होता. नीट ऐकलंत तर आठव्या मिनिटाला तो अचानक थांबतो.